पाणी म्हणजे H₂O: हे विधान अनिवार्य कसं, आणि तरी प्रयोगाशिवाय का कळलं नाही

‘पाणी म्हणजे H₂O’ हे वाक्य शाळेतच पाठ होतं. तत्त्वज्ञानात त्याच वाक्याबद्दल दोन दावे एकदम केले जातात, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते एकमेकांविरुद्ध वाटतात. एक दावा असा की हे विधान खोटं असूच शकलं नसतं; जिथे पाणी आहे तिथे ते H₂O च असणार. दुसरा असा की नुसता विचार करून हे कुणालाही कळलं नसतं. त्यासाठी काचेच्या नळ्या, वीज आणि तराजू लागले. खोटं असूच शकत नाही, ते विचारानेच कळायला हवं, असं आपल्याला आतून वाटत असतं. हे वाटणं चूक आहे. ते कुठे चुकतं हे पाहण्यासाठी पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. जवळ कागद-पेन ठेवा, कारण दोन-तीन ठिकाणी वाक्यं शब्दशः लिहून शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसत नाही.

पायरी १: दोन प्रश्न वेगळे लिहा

कुठलंही विधान घ्या आणि त्याखाली दोन प्रश्न लिहा. पहिला: हे कसं कळलं? दुसरा: हे वेगळं असू शकलं असतं का?

पहिला प्रश्न आपल्याबद्दल आहे, म्हणजे जाणणाऱ्याबद्दल. त्याचं उत्तर ‘अनुभवाशिवाय’ किंवा ‘अनुभवातून’ असं येतं. दुसरा प्रश्न जगाबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘नाही, हे अनिवार्य आहे’ किंवा ‘हो, वेगळं असू शकलं असतं’ असं येतं. ७ + ५ = १२ हे अनुभवाशिवाय कळतं आणि ते अनिवार्यही आहे. यशवंतराव चव्हाण हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री होते, हे मात्र इतिहासातून कळतं आणि ते अनिवार्य नाही. १ मे १९६० ला त्या जागी दुसरं कुणी बसू शकलं असतं. या दोन उदाहरणांत दोन्ही उत्तरं जोडीने चालतात, म्हणून ती नेहमीच जोडीने चालतात असा समज होतो. कांटने १७८१ मध्ये अनिवार्यता ही अनुभवपूर्व ज्ञानाची खूण मानली आणि पुढे बराच काळ तीच वाट रुळली. अमेरिकी तत्त्वज्ञ सोल क्रिपकी यांनी जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला दिलेल्या तीन व्याख्यानांत ही जोडी सोडवली.

मराठीत हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला एक आयतं साधन आहे, आणि ते वापरलं तर निम्मा गोंधळ टळतो. ‘असेल’ आणि ‘असतं’ ही दोन रूपं पाहा. ‘दार उघडं असेल’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला माहीत नसतं. दार आत्ता कसं आहे याचा अंदाज करत असतो. ‘दार उघडं असतं तर मांजर आत आलं असतं’ असं म्हणतो तेव्हा दार बंद होतं हे आपल्याला माहीत असतं आणि आपण वेगळ्या परिस्थितीचा विचार करत असतो. ‘असेल’ हे ज्ञानाचं रूप, ‘असतं’ हे दुसऱ्या शक्यतेचं. पुढे जिथे अडाल तिथे वाक्य या दोन्ही रूपांत लिहून बघा.

याच पायरीवर मराठीतला एक खड्डाही ओळखून ठेवा. ‘म्हणजे’ हा शब्द आपण दोन कामांना वापरतो. ‘जल म्हणजे पाणी’ यात तो अर्थ सांगतो. शब्दकोश पाहिला की काम झालं. ‘पाणी म्हणजे H₂O’ यात तो अर्थ सांगत नाही, तर एकच पदार्थ दोन मार्गांनी दाखवतो. तुकोबांना ‘पाणी’ या शब्दाचा अर्थ पूर्ण ठाऊक होता आणि हायड्रोजन ठाऊक नव्हता. म्हणून H₂O हा ‘पाणी’चा शब्दार्थ नाही. हे पक्कं धरलं नाही तर ‘व्याख्येनेच पाणी H₂O आहे, म्हणून ते अनिवार्य’ असं सोपं पण चुकीचं उत्तर हाती येतं.

पायरी २: निर्देशक दृढ आहे का ते तपासा

एखाद्या वस्तूकडे किंवा पदार्थाकडे बोट दाखवणारा शब्द अथवा शब्दसमूह म्हणजे निर्देशक. तो निर्देशक प्रत्येक शक्य विश्वात, जिथे ती वस्तू आहे तिथे, त्याच वस्तूकडे बोट दाखवत असेल तर त्याला दृढ निर्देशक म्हणतात. इंग्रजी ग्रंथांत रिजिड डेझिग्नेटर. ‘शक्य विश्व’ म्हणजे कुठेतरी दूर तरंगणारा ग्रह समजू नका. ‘असं झालं असतं तर’ या वाक्यात आपण जी परिस्थिती मनात धरतो, तेवढाच त्याचा अर्थ.

चाचणी अशी. निर्देशक ‘क’ असेल तर हे वाक्य लिहा: ‘जो क आहे, तो क नसता, असं होऊ शकलं असतं.’ क च्या जागी ‘महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री’ घाला: जे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री होते, ते पहिले मुख्यमंत्री नसते, असं होऊ शकलं असतं. वाक्य खरं आहे, म्हणून हा निर्देशक दृढ नाही. दुसऱ्या परिस्थितीत तो दुसऱ्या माणसाकडे वळतो. आता ‘यशवंतराव चव्हाण’ घाला: जे यशवंतराव चव्हाण होते, ते यशवंतराव चव्हाण नसते. हे खरं ठरत नाही. ते राजकारणात आले नसते, वकिली करत राहिले असते, पण यशवंतरावच राहिले असते. म्हणून हे नाव दृढ आहे.

इथे नवशिक्याची हमखास चूक होते. ‘आईवडिलांनी त्यांचं नाव दुसरं ठेवलं असतं तर?’ असं विचारलं जातं. ठेवलं असतं, पण आपण त्या परिस्थितीचं वर्णन आपल्या आजच्या भाषेत करतोय, तिथल्या लोकांच्या भाषेत नव्हे. ‘त्या परिस्थितीत यशवंतरावांचं नाव दुसरं असतं’ हे वाक्यच बघा: त्यातलं ‘यशवंतराव’ अजूनही त्याच माणसाकडे बोट दाखवतंय, नाहीतर वाक्याला अर्थच उरला नसता. दृढता ही आपल्या शब्दाच्या वापराबद्दल असते. तिथले लोक तो शब्द कसा वापरतात याचा इथे संबंध नाही.

पायरी ३: ‘पाणी’ या शब्दाला तीच चाचणी लावा

पाण्याची नेहमीची वर्णनं कागदावर लिहा: रंगहीन, वासहीन, तहान भागवणारं, पावसातून पडणारं, १०० अंशांना उकळणारं. आता एकेक वर्णन काढून बघा की पाणी शिल्लक राहतं का.

उकळण्याचं सर्वांत सोपं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९५-९६ अंशांनाच उकळतं. ते पाणी नाही असं कुणी म्हणत नाही. तहान भागवण्याचं घ्या. आपली शरीरं वेगळ्या घडणीची असती तर पाणी आपल्याला विष ठरलं असतं, पण विष ठरलं असतं ते पाणीच. पावसाचंही तसंच: पृथ्वी इतकी थंड असती की सगळं पाणी कायम बर्फाच्या रूपात राहिलं असतं, तर पाऊस पडला नसता, पाणी मात्र असतं.

प्रत्येक वर्णन गळालं तरी ‘पाणी’ हा शब्द त्याच पदार्थाला चिकटून राहिला. म्हणजे तो दृढपणे वागतोय. मग या वर्णनांचं काम काय? ती पदार्थ ओळखायला, शब्द पहिल्यांदा बांधायला उपयोगी पडली. समोरच्या नदीतल्या, विहिरीतल्या, घागरीतल्या नमुन्याकडे बोट करून ‘हे, आणि याच जातीचं जे जे असेल ते’ असा शब्द बांधला गेला. वर्णन म्हणजे दोर टाकायची खूण. दोर एकदा पदार्थाला बांधला की खूण पुसली तरी चालते. ‘निर्देश ठरवणारं वर्णन’ आणि ‘अर्थ देणारं वर्णन’ हा फरक तुम्हाला इथे हाताने करून पाहता आला, आणि पुढचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे.

भारतीय न्यायपरंपरेतलं एक लक्षण इथे ताडून पाहण्याजोगं आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ‘शीतस्पर्शवत्य आपः’ असं जलाचं लक्षण दिलं आहे: ज्याचा स्पर्श शीत ते जल. तापवलेल्या पाण्याचा स्पर्श ऊन लागतो, हा आक्षेप नैयायिकांना माहीत होता. ते म्हणतात, ती उष्णता त्यात शिरलेल्या तेजाची, पाण्याची स्वतःची नव्हे. उत्तर बरोबर की चूक हे बाजूला ठेवा, पण त्याची दिशा बघा. वरून भासणारे गुण आणि पदार्थाचा स्वतःचा गुण वेगळे काढायचा तो प्रयत्न आहे. हा स्वतःचा गुण नेमका कोणता, ते मात्र स्पर्शाने ठरणारं नव्हतं.

पायरी ४: ‘H₂O’ दृढ आहे का?

हा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि फक्त ‘पाणी’ तपासून पुढे जातात. दोन्हींपैकी एक जरी बाजू दृढ नसेल तर युक्तिवाद कोसळतो.

‘H₂O’ हे नाव दिसलं तरी ते आतून वर्णन आहे: दोन हायड्रोजन अणू आणि एक ऑक्सिजन अणू यांच्या रेणूंनी बनलेला पदार्थ. मग ते ‘पहिले मुख्यमंत्री’सारखं का वळत नाही? कारण यात पदार्थाने काय केलं, कुठे सापडला, कुणाला कसा लागला, यातलं काहीच नाही. ‘हायड्रोजन’ आणि ‘ऑक्सिजन’ ही स्वतः दृढ नावं आहेत, आणि रेणूची तीच घडण ज्या कुठल्या विश्वात असेल तिथे तोच पदार्थ असेल. वर्णन असूनही ते प्रत्येक विश्वात एकाच जागी पोचतं.

एक सावधगिरी. इथे सूत्राचा अर्थ नुसती अणूंची मोजणी असा घेऊ नका. C₂H₆O या एकाच मोजणीचे दोन वेगळे पदार्थ आहेत: इथेनॉल, म्हणजे मद्यातलं अल्कोहोल, जे सुमारे ७८ अंशांना उकळतं, आणि डायमिथाइल इथर, जो साध्या तापमानाला वायू असतो आणि उणे २४ अंशांच्या आसपास उकळतो. अणू तितकेच, जोडणी वेगळी. म्हणून H₂O लिहिताना मनात ‘मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना हायड्रोजन, सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात’ ही पूर्ण घडण धरा.

पायरी ५: अनुभवाचा भाग कुठे येतो ते प्रयोगातच बघा

१८०० मध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यातून वीज सोडून दोन वायू वेगळे केले. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येतो: ९ व्होल्टची बॅटरी, दोन अग्रं, पाण्याने भरून पालथ्या धरलेल्या दोन परीक्षानळ्या, आणि वीज वाहावी म्हणून अर्ध्या लिटर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा. ऋण अग्रावर हायड्रोजन जमतो, धन अग्रावर ऑक्सिजन, आणि आकारमानं साधारण २:१ येतात. सोड्याऐवजी मीठ घालू नका. धन अग्रावर क्लोरीन येतो, तो विषारी आहे आणि प्रमाणही बिघडवतो. जमलेल्या वायूजवळ ज्योत नको.

प्रमाण अनेकदा २ पेक्षा जास्त येतं, म्हणजे ऑक्सिजन कमी भरतो. पेन्सिलीतलं शिसं अग्र म्हणून वापरलं असेल तर थोडा ऑक्सिजन कार्बनशी संयोग पावतो. लोखंडी खिळा असेल तर गंजण्यात जातो. शिवाय ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा पाण्यात जास्त विरघळतो. म्हणून प्रयोगशाळेत प्लॅटिनमची अग्रं वापरतात आणि सुरुवातीचा काही वेळ सोडून मग मोजतात. तपशील छोटे आहेत, पण तत्त्वज्ञानासाठी कामाचे आहेत: २:१ हे उत्तर विचारातून येत नाही, आणि हलगर्जीपणा केला तर येतच नाही.

आणि २:१ मिळालं तरी H₂O मिळत नाही. हा टप्पा सावकाश वाचा. डाल्टनने १८०८ मध्ये पाण्याचा रेणू एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असा धरला, आजच्या लिपीत HO. वजनाचं प्रमाण आजच्या मोजणीनुसार सुमारे १:८ आहे: १८ ग्रॅम पाण्यात २ ग्रॅम हायड्रोजन, १६ ग्रॅम ऑक्सिजन. HO मानलं तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड ठरतो. H₂O मानलं तर १६ पट. तराजूला दोन्ही चालतात! निकाल लागायला आणखी दोन गोष्टी लागल्या. गे-ल्युसॅकने दाखवलं की दोन आकारमानं हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन मिळून दोन आकारमानं वाफ होते. आव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडलं की सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. मग वाफेचे रेणू ऑक्सिजनच्या रेणूंच्या दुप्पट, म्हणून ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूत दोन अणू असलेच पाहिजेत आणि वाफेच्या प्रत्येक रेणूत त्यातला एक. ही मांडणी रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरायला कॅनिझ्झारोच्या प्रयत्नांची आणि १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेची वाट पाहावी लागली.

जवळपास अर्धं शतक हुशार, प्रामाणिक माणसं HO लिहीत होती. त्यांच्या विचारात तर्कदोष नव्हता. पुरावा अपुरा होता. विधान अनुभवाश्रित आहे याचा यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही.

पायरी ६: युक्तिवाद तीन ओळींत मांडा

आता कागदावर लिहा:

(१) पाणी H₂O असेल, तर ते अनिवार्यपणे H₂O आहे.
(२) पाणी H₂O आहे.
(३) म्हणून पाणी अनिवार्यपणे H₂O आहे.

प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आली ते लिहा. दुसरी ओळ प्रयोगशाळेतून आली. पहिली विचारातून: दोन्ही बाजू दृढ आहेत, दोन्ही एकाच पदार्थाकडे बोट दाखवतायत, मग एका विश्वात त्या वेगळ्या व्हायच्या तर तो पदार्थ स्वतःपासूनच वेगळा व्हावा लागेल. या पायरीचा तर्कशास्त्रीय गाभा रूथ बार्कन मार्कस यांनी १९४७ मध्येच औपचारिकपणे सिद्ध केला होता. चिन्हांत तो असा, यात □ म्हणजे ‘अनिवार्यपणे’:

```
a = a  हे अनिवार्य:      □(a = a)
a आणि b एकच:            a = b
म्हणून b ला लागू:        □(a = b)
```

तिसऱ्या ओळीला अनिवार्यता पहिल्या ओळीकडून मिळते आणि अनुभवाची गरज दुसरीकडून. दोन दावे भांडत नाहीत, कारण ते एकाच ठिकाणाहून आलेलेच नाहीत. एखाद्या निष्कर्षाचं एक जरी आधारविधान अनुभवातून आलेलं असलं, तर त्या मार्गाने मिळालेलं ज्ञान अनुभवाश्रितच राहतं.

हे यंत्र कुठल्याही विधानाला लावू नका. ‘काल पाऊस पडला असेल, तर अनिवार्यपणे पडला’ हे उघड चूक आहे. ‘हे म्हणजे ते’ अशी एकत्व सांगणारी विधानंही सगळी चालत नाहीत. ‘पाणी म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग व्यापणारा द्रव’ हे खरं आहे, त्यातही ‘म्हणजे’ आहे, पण ते अनिवार्य नाही. का? उजवी बाजू दृढ नाही. मंगळासारखी कोरडी पृथ्वी असती तर त्या वर्णनात बसणारं काहीच नसतं, आणि पाणी तरीही दुसरीकडे असू शकलं असतं. पहिली ओळ लिहिण्याआधी पायरी ३ आणि ४ दोन्ही पूर्ण झाल्या आहेत का, हे बघायची सवय लावून घ्या.

पायरी ७: ‘पण मला तर कल्पना करता येते!’

इथपर्यंत सगळं पटलं तरी मन अडतं. पाणी H₂O नसलेलं जग सहज डोळ्यांसमोर येतं. मग ते अशक्य कसं?

अमेरिकी तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९७० च्या दशकात मांडलेलं जुळ्या पृथ्वीचं उदाहरण नेमकं इथे कामाला येतं. तिथे नद्या वाहतात, पाऊस पडतो, लोक तहान लागली की तोच द्रव पितात. फक्त त्याची घडण H₂O नाही, वेगळीच गुंतागुंतीची आहे, तिला नुसतं XYZ म्हणू. आता तुम्ही जे कल्पिलं त्याचं वर्णन पूर्ण वाक्यात लिहा, आणि दोन पर्याय ठेवा. (अ) ‘त्या जगात पाणी XYZ आहे.’ (आ) ‘त्या जगात पाण्यासारखं दिसणारं, लागणारं काहीतरी XYZ आहे.’ तुमच्या कल्पनाचित्रातलं काय काय (आ) मध्ये बसत नाही ते शोधा. चव, रंग, पाऊस, घागर, सगळं बसतं. (अ) साठी लागणारी जादा गोष्ट चित्रात कुठेच नव्हती. ती फक्त तुम्ही दिलेल्या नावात होती.

लक्षणाच्या भाषेत सांगायचं तर ‘तहान भागवणारा रंगहीन द्रव’ या लक्षणाची XYZ वर अतिव्याप्ती होते. लक्षण तिथे पोचतं, पाणी पोचत नाही.

आता ‘असेल’ आणि ‘असतं’ बाहेर काढा. १८१० मध्ये ‘पाणी HO असेल’ हे म्हणणं रास्त होतं. उपलब्ध पुराव्याशी ते जुळत होतं. ‘पाणी HO असतं, असं होऊ शकलं असतं’ हे मात्र तेव्हाही खोटं होतं, फक्त ते खोटं आहे हे कुणाला कळायची सोय नव्हती. कल्पनेतली जी शक्यता खरी वाटते ती ‘असेल’ची असते: शोध लागण्याआधी उत्तर वेगळं निघेल असं वाटणं. आपण ती चुकून ‘असतं’च्या खात्यावर मांडतो. चर्चेत कुणी ‘पाणी H₂O नसण्याची शक्यता आहेच की’ असं म्हणालं, तर ‘शक्यता’ हा शब्द काढून वाक्य या दोन्ही रूपांत पुन्हा म्हणायला सांगा. बहुतेक वाद तिथेच मिटतात. जे उरतात ते खरे वाद असतात.

पायरी ८: खरे वाद कुठे आहेत

पहिला वाद रसायनाचा. पेलाभर पाणी म्हणजे H₂O रेणूंचा नुसता ढीग नव्हे. रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात, सोडतात, आणि काही तुटून आयन होतात: २५ अंशांना शुद्ध पाण्यात सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक. प्रमाण नगण्य वाटतं, पण शुद्ध पाण्यातून जी थोडीशी वीज वाहते ती याच आयनांमुळे. म्हणून ‘पाणी H₂O आहे’ याचा सावध अर्थ ‘H₂O रेणू एकत्र आल्यावर जो पदार्थ होतो तो’ असा घ्या. एका सुट्या रेणूला पाणी म्हणायचं का, हा प्रश्न उघडा राहिला तरी युक्तिवाद चालतो.

दुसरा जड पाण्याचा. इथे विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याला आपण ‘जड’ म्हणतो ते नव्हे, तर D₂O: ज्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन जादा आहे, म्हणजे ज्यात ड्युटेरियम आहे. रायगड जिल्ह्यात थळ इथे अणुभट्ट्यांसाठी ते तयार करतात. ते सुमारे ३.८ अंशांना गोठतं, १०१.४ अंशांना उकळतं, आणि त्याची घनता साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त असते. ते पाणी आहे का? H चा अर्थ ‘हायड्रोजन हे मूलद्रव्य’ असा घेतला तर आहे. H चा अर्थ ‘फक्त हलका समस्थानिक’ असा घेतला तर नाही, पण मग नळाचं पाणीही पूर्णपणे H₂O ठरत नाही, कारण निसर्गात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतोच. ‘याच जातीचं’ असं म्हणून शब्द बांधला गेला तेव्हा जात किती बारकाईने मोजायची हे कुणी ठरवलं नव्हतं. समस्थानिकाचा फरक मोजायचा की नाही हे पदार्थ स्वतः सांगत नाही. तिथे काही अंशी आपण ठरवतो.

तिसरा वाद सर्वांत खोल आहे आणि तो पायरी ६ मधल्या पहिल्या ओळीवर येतो. ती ओळ दृढतेतून आपोआप निघते का? दृढता एवढंच सांगते की ‘पाणी’ हा शब्द प्रत्येक विश्वात एकाच पदार्थाला चिकटतो. त्या पदार्थाची ओळख त्याच्या आतल्या घडणीने ठरते, हे दृढतेत लिहिलेलं नाही. नेथन सॅमन यांनी १९८१ मध्ये हेच सविस्तर दाखवलं: निर्देशाच्या सिद्धान्तातून पदार्थाचं सारतत्त्व काढता येत नाही, ते आधीच आत ठेवलेलं असतं. आमच्या मते हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून तीन ओळींच्या आधी आणखी एक लिहून ठेवा, तीच प्रामाणिक मांडणी:

(०) रासायनिक पदार्थाची जात त्याच्या रेणूंच्या घडणीने ठरते.

ही ओळ विचारातून आली की रसायनशास्त्राच्या यशातून, यावर मतभेद आहेत. ती नाकारणारा माणूस ‘पाणी’ दृढ आहे हे मान्य करूनही (३) नाकारू शकतो. त्याच्याशी वाद घालताना दृढतेची चाचणी पुन्हा पुन्हा सांगून उपयोग नाही, वाद (०) वर न्यावा लागतो. तिथे इथेनॉल आणि डायमिथाइल इथरचं उदाहरण तुमच्या बाजूने आहे: घडण बदलली की रसायनशास्त्र पदार्थच बदलला असं मानतं. जड पाण्याचं उदाहरण समोरच्याच्या बाजूने आहे: घडणीतला कोणता फरक जात बदलतो आणि कोणता बदलत नाही, हे नुसत्या घडणीकडे बघून ठरत नाही.